लवकर लागणारी झोप आणि पहाटे तीनची जाग

दारू घेतल्यावर झोप लवकर लागते, ही समजूत अगदीच खोटी नाही. झोपेच्या प्रयोगशाळांत गेली अनेक दशके झालेल्या मोजमापांत ती पुन्हा पुन्हा खरी ठरली आहे. निरोगी माणसाने झोपण्याआधी बऱ्यापैकी दारू घेतली, तर अंथरुणावर पडल्यापासून डोळा लागेपर्यंतचा वेळ कमी होतो आणि पुढचे दोन-तीन तास तो सहसा कूसही बदलत नाही. गफलत होते ती त्यानंतर. झोप कशी लागली हे माणसाला नीट आठवते, पण उत्तररात्री झोपेचे काय झाले ते धड आठवत नाही. म्हणूनच ‘रात्री दोन पेग घेतले की मस्त झोप लागते’ असे सांगणारा आणि ‘हल्ली तीनलाच जाग येते, वय झाले’ अशी तक्रार करणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे त्याच्या मनातही येत नाही.

हा संबंध कळण्यासाठी रात्रभरात झोप कशी पुढे सरकते ते आधी पाहावे लागते. झोप रात्रभर एकसारखी नसते. सुरुवातीला काही मिनिटांची उथळ झोप, मग त्याहून स्थिर अशी मधली झोप, आणि त्यानंतर गाढ झोप. गाढ झोपेत मेंदूच्या विद्युत्‌लहरी संथ आणि उंच होतात, हाक मारली तरी माणूस चटकन उठत नाही आणि उठवलाच तर काही क्षण भांबावलेला असतो. साधारण दीड तासाने चित्र पालटते. बंद पापण्यांखाली बुबुळे झरझर फिरू लागतात, मेंदूच्या लहरी जागेपणासारख्या वेगवान होतात, आणि हातापायांचे स्नायू मात्र पूर्ण ढिले पडतात. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी 1953 साली या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. अशा वेळी उठवलेली माणसे बहुतेकदा स्वप्न सांगतात, म्हणून तिला स्वप्नझोप म्हणता येईल.

हे दीड तासाचे आवर्तन रात्रीतून चार-पाच वेळा होते, पण प्रत्येक आवर्तनातली वाटणी वेगळी असते. गाढ झोपेचा मोठा हिस्सा पूर्वरात्रीतच उरकला जातो. स्वप्नझोपेचे उलट असते. पहिली खेप जेमतेम दहा मिनिटांची, पुढची त्याहून मोठी, आणि पहाटेची शेवटची अर्धा तासही चालू शकते. प्रौढ माणसाच्या एकूण झोपेत स्वप्नझोपेचा वाटा साधारण 20 ते 25 टक्के असतो आणि त्यातला बहुतेक भाग रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात येतो. दारू नेमका याच भागावर हात मारते.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप देतात. त्यांपैकी गाबा नावाचे रसायन पेशींना शांत करते, तर ग्लुटामेट त्यांना चेतवते. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते, म्हणजे एकाच वेळी दोन्ही बाजूंनी मेंदू मंद होतो. शिवाय दिवसभराच्या जागेपणाने मेंदूत साठत जाणारे आणि डोळे जड करणारे अॅडिनोसिन हे द्रव्यही दारूमुळे वाढते. चहा-कॉफीतले कॅफीन ज्याचा परिणाम अडवते, तेच हे द्रव्य. या तिहेरी परिणामामुळे झोप लवकर लागते आणि पहिल्या तासांत संथ, उंच लहरींची गाढ झोप नेहमीपेक्षा जास्त दिसते. स्वप्नझोपेसाठी मात्र मेंदू आतून चेतलेला असावा लागतो. दारू रक्तात आहे तोवर ते जमत नाही, आणि स्वप्नझोपेची पहिली खेप उशिरा येते, आखूड होते किंवा साफ बुडते.

एका रात्रीचा हिशेब मांडला की हे स्पष्ट होते. सत्तर किलो वजनाचा एक माणूस रात्री नऊला बसतो आणि सव्वादहापर्यंत व्हिस्कीचे दोन लार्ज पेग संपवतो. भारतात मिळणाऱ्या व्हिस्कीत अल्कोहोल सहसा 42.8 टक्के असते. 60 मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमध्ये त्यामुळे सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, दोन पेगमध्ये 40 ग्रॅम. (‘मी दारू घेत नाही, फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद: 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीतही तितकेच, सुमारे 40 ग्रॅम अल्कोहोल असते.) हे अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात मिसळते. या माणसाच्या बाबतीत दर 100 मिलिलिटर रक्तामागे ढोबळमानाने 80 मिलिग्रॅम एवढे ते भरते. यकृत ते ठरावीक गतीनेच जाळते, तासाला साधारण 15 मिलिग्रॅम. ही गती काळ्या कॉफीने वाढत नाही, गार पाण्याने आंघोळ करूनही नाही. पोटभर जेवणाने अल्कोहोल रक्तात उतरायला वेळ लागतो आणि चढाव कमी होतो, एवढेच.

अकरा वाजता हा माणूस अंथरुणावर पडतो तेव्हा रक्तात अजून 50 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असते. वाहन चालवण्यासाठी भारतात कायद्याने घातलेली मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे, म्हणजे गाडी चालवायला जो मेंदू नालायक ठरला असता त्यालाच झोपेच्या नाजूक कामाला लावलेले असते. पाच-दहा मिनिटांत डोळा लागतो. बारापर्यंत गाढ झोप, घोरण्याचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत. साडेबाराच्या सुमाराला स्वप्नझोपेची पहिली खेप यायला हवी होती, ती येत नाही. अडीचच्या सुमारास रक्त जवळजवळ कोरडे होते. आणि तीन-सव्वातीनला माणूस टक्क जागा होतो. तोंड कोरडे, छाती किंचित धडधडणारी, अंगाला घाम, लघवीची भावना. पुन्हा झोप लागते, पण ती तुटक असते. सहाला गजर होतो तेव्हा घड्याळाच्या हिशेबाने सात तास झालेले असतात, अंग मात्र आंबलेले असते.

तीनला जाग का येते? दारू मेंदूला दाबून ठेवत असताना मेंदू गप्प बसलेला नसतो. शांत करणाऱ्या यंत्रणेचा जोर कमी करून आणि चेतवणाऱ्या यंत्रणेचा वाढवून तो तोल सावरू पाहतो. दारू उतरते तेव्हा दाब नाहीसा होतो, पण सावरण्यासाठी लावलेला जोर लगेच ओसरत नाही. काही तास मेंदू गरजेपेक्षा जास्त चेतलेला राहतो. नाडी वाढलेली असते, शरीराचे तापमान चढते, आणि एरवी ज्या बारीकशा आवाजाने फक्त कूस बदलली असती त्याने पूर्ण जाग येते. त्यात भर म्हणून, दारूमुळे पाणी राखून ठेवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दबलेले असल्याने मूत्राशय भरलेले असते. अनेक जण सगळा दोष या लघवीलाच देतात. पण लघवीला उठून आलेला निरोगी माणूस एरवी पाच मिनिटांत परत झोपतो. दारूनंतरच्या पहाटे तो तासभर छताकडे बघत पडतो, त्याचे कारण मूत्राशयात नसते.

मात्रा बेताची असेल तर उत्तररात्री आणखी एक गोष्ट घडते. दाबलेली स्वप्नझोप उसळून वर येते आणि चुकलेली भरपाई करू पाहते. पण ती अशा झोपेत येते जी सतत तुटत असते. म्हणून दारूनंतरच्या पहाटेची स्वप्ने ठसठशीत, विचित्र, अनेकदा भीतिदायक असतात आणि लक्षातही राहतात, कारण स्वप्न चालू असतानाच जाग आलेली असते. ‘रात्री इतकी स्वप्ने पडली, म्हणजे स्वप्नझोप भरपूर झाली’ हा तर्क इथे फसतो. स्वप्न आठवणे हे स्वप्नझोप तुटल्याचे लक्षण असू शकते. मात्रा जास्त असेल तर दारू उतरेपर्यंत जवळजवळ सकाळ होते आणि ही भरपाईसुद्धा होत नाही.

किती दारूने काय होते, या प्रश्नाचे उत्तर पिणाऱ्याच्या सोयीचे नाही. अलीकडे अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून झालेल्या विश्लेषणात असे दिसले की वजनाच्या दर किलोमागे अर्धा ग्रॅम किंवा त्याहूनही कमी अल्कोहोलने स्वप्नझोप कमी होऊ लागते. सत्तर किलोच्या माणसासाठी याचा अर्थ दोन लार्ज पेगांपेक्षाही कमी. उलट, झोप लवकर लागण्याचा परिणाम खात्रीने दिसण्यासाठी बरीच मोठी मात्रा लागते. म्हणजे नुकसान आधी सुरू होते आणि फायदा, त्याला फायदा म्हणायचेच तर, नंतर. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सरासरीने कमी असल्याने तेवढ्याच वजनाला आणि तेवढ्याच दारूला त्यांच्या रक्तातले प्रमाण अधिक चढते.

पूर्वरात्री वाढलेल्या गाढ झोपेला तरी जमेची बाजू मानावे का? मेलबर्नमध्ये 18 ते 21 वयाच्या तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात तीही शंकास्पद ठरली. दारू घेऊन झोपलेल्या या तरुणांच्या मेंदूत गाढ झोपेच्या संथ लहरी वाढल्या होत्या, पण त्यांच्याबरोबरच अल्फा नावाच्या लहरीही वाढल्या होत्या. अल्फा लहरी एरवी डोळे मिटून निवांत जागे असताना दिसतात. दीर्घकाळ अंगदुखीने त्रस्त असलेल्या, झोपूनही ताजेतवाने न वाटणाऱ्या रुग्णांच्या झोपेत असेच मिश्रण आढळते. कागदावर गाढ दिसणारी झोप अंगाला लागेलच असे नाही.

स्वप्नझोप कमी झाल्याने बिघडते काय, असेही कुणी विचारेल. नवी कौशल्ये पक्की होण्यात आणि भावनांचा निचरा होण्यात या अवस्थेचा हात असल्याचे पुरावे आहेत. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कार्लाइल स्मिथ यांनी शिकण्याच्या कामानंतर लोकांना दारू देऊन झोपवले आणि नंतर परीक्षा घेतली. शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवण्यासारख्या पाठांतरात फारसा फरक पडला नाही. काही तरी कसे करायचे हे शिकवणाऱ्या कामात मात्र ते मागे पडले. दुसऱ्या दिवशीची चिडचिड बहुतेक लोक हँगओव्हरच्या खात्यावर टाकतात. तिच्यातला काही वाटा तुटलेल्या झोपेचा असतो, कारण डोके दुखत नसतानाही ती असते.

घोरण्याचा मुद्दा वेगळा आणि जास्त गंभीर आहे. दारूने जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट अरुंद होते. एरवी न घोरणारा घोरू लागतो. घोरणाऱ्याचा श्वास मध्येच दहा-वीस सेकंद अडतो, रक्तातला प्राणवायू घसरतो, आणि मेंदू घाबरून त्याला अर्धवट जागे करतो. हा प्रकार रात्रीत कितीही वेळा होऊ शकतो आणि झोपणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तो असतो बायकोला, नवऱ्याला किंवा त्याच खोलीत झोपणाऱ्या आईला. घोरणे अचानक थांबून काही क्षण शांतता आणि मग धापेसारखा मोठा श्वास, असे कुणी सांगितले तर ते चेष्टेवारी नेऊ नये. झोपेची गोळी आणि दारू एकत्र घेणे याच कारणाने धोक्याचे आहे. दोन्ही गाबाच्याच वाटेने काम करतात आणि मिळून श्वासच मंदावू शकतात.

संध्याकाळी लवकर पिऊन घेतले तर? ही पळवाट तपासून झाली आहे. झुरिकमध्ये 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मध्यमवयीन निरोगी पुरुषांना झोपण्याच्या सहा तास आधी दारू दिली गेली. झोपायच्या वेळी त्यांच्या श्वासात अल्कोहोल उरले नव्हते. तरीही त्यांची झोप कमी भरली आणि उत्तररात्रीतला जागेपणा वाढला. रक्त कोरडे झाले तरी मेंदूने तोल सावरण्यासाठी केलेले बदल टिकून होते. आधी पिण्याने त्रास कमी होतो हे खरे, कारण झोपेचे पहिले तास तरी दारूविना जातात. पण तो शून्य होत नाही.

सर्वांत वाईट फसगत रोज झोपेसाठी म्हणून घेणाऱ्यांची होते. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या झोप प्रयोगशाळेत टिमोथी रोअर्स आणि थॉमस रॉथ यांनी निद्रानाशाची तक्रार असलेल्या लोकांना सलग काही रात्री झोपण्यापूर्वी दारू दिली. पहिल्या रात्री झोप वाढली, गाढ झोपही वाढली. सहाव्या रात्रीपर्यंत दोन्ही लाभ नाहीसे झाले होते. आठवड्याभरात सवय लागते ती अशी: झोप आणणारा परिणाम विरतो, उत्तररात्रीची मोडतोड राहते. मग मात्रा वाढवली जाते. दिवसभर आलेला थकवा चहा-कॉफीने रेटला जातो, त्याने रात्री डोळा लागत नाही, आणि पुन्हा बाटली निघते. ही साखळी सुरू करणारे बरेच लोक व्यसनी नसतात, निद्रानाशाला कंटाळलेले असतात.

वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्यांची झोप तर मुळातूनच बदलते. गाढ झोप घटते, झोप तुकड्यातुकड्यांत येते. दारू सोडल्यावर पहिल्या दिवसांत दाबलेली स्वप्नझोप जोराने उसळते, भयंकर स्वप्ने पडतात, झोप लागतच नाही. झोप रुळावर यायला अनेक महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक. व्यसनमुक्तीसाठी प्रयत्न करणारा माणूस ‘निदान झोप तरी लागेल’ म्हणून पुन्हा पिऊ लागतो, आणि हे पुनरागमनाचे फार जुने कारण आहे. ही अवस्था तात्पुरती आहे हे आधीच सांगून ठेवले, तर ती काढणे त्याला सोपे जाते.

आपल्या झोपेवर दारूचा किती परिणाम होतो हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन आठवडे दारू पूर्ण बंद ठेवून रोज सकाळी वहीत चार गोष्टी लिहाव्यात: किती वाजता पडलो, किती वाजता जाग आली, परत झोपायला किती वेळ लागला आणि उठल्यावर कसे वाटले. पहिल्या तीन-चार रात्री झोप उशिरा लागेल, स्वप्नेही जास्त पडतील. त्यावरून निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या आठवड्यातल्या नोंदी आधीच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. मनगटावरचे घड्याळ झोपेच्या अवस्था सांगते तो अंदाज असतो, त्यावर फार भिस्त ठेवू नये. रात्रभरातला नाडीचा आकडा मात्र उपयोगी असतो: दारूच्या रात्री तो नेहमीपेक्षा चढलेला आणि उशिरापर्यंत खाली न उतरलेला दिसतो. दारू बंद करूनही तीनची जाग कायम राहिली, तर कारण दुसरे आहे. नैराश्य, थायरॉइडचा बिघाड, श्वास अडण्याचा विकार यांतही पहाटे जाग येते, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायला हवे.

एका गटाने मात्र हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. जे रोज भरपूर पितात आणि सकाळी हात थरथरल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही, त्यांनी दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. त्यांनी आधी डॉक्टरांना किंवा व्यसनमुक्ती केंद्राला भेटावे आणि औषधांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी.